न आलेला फुगवटा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. बायकोला सांगितली ती अर्धीच, आणि तीही माझ्या सोयीची. आता सत्तरी उलटली, उरलेली अर्धी लिहून टाकतो.

कसबा पेठेतल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. हात हलका, असं पेशंट म्हणत. नाही म्हणाले तर मी विचारून म्हणवून घेई. कमरेवर सुई उभी मारायची, बोळा चोळायचा, पुढचा पेशंट. मग कॉम्प्युटरचं वारं आलं आणि अमेरिकेला निघालेली मुलं रांगेत दिसू लागली. तिकडच्या कॉलेजच्या फॉर्मवर क्षयाच्या चाचणीचा रकाना असे. या चाचणीची सुई कमरेवर नाही, हातावर, आणि कातडीच्या आतल्या आत द्यायची. त्याच सुमारास डॉक्टरांनी नागपूरकडची एक तरुण सिस्टर नेमली. माझं अक्षर मलाच लागत नसे, म्हणून इंजेक्शनांची वही तिच्याकडे गेली. सुई मी टोचायची, वहीत तिने लिहून खाली सही करायची, अशी आमची पद्धत.

एका गुरुवारी असाच एक मुलगा बाही वर करून बसला. मी सुई नेहमीच्या ऐटीत टेकवली.

"काका, सुई उभी होऊन राहिली ना," सिस्टर हळूच म्हणाली. "जवळजवळ आडवी धरा. दहा अंश, फार तर पंधरा. भोक वरच्या अंगाला."

"पुण्यात कोनमापक शाळेत वापरतात, सिस्टर," मी म्हणालो. मुलगा हसला. मला तेवढंच हवं होतं. दाबलं. औषध सुळकन आत गेलं आणि कातडी होती तशीच सपाट राहिली.

"फुगवटा नाही आला. वाटाण्याएवढा, पांढरट यायला पाहिजे. औषध कातडीच्या खाली गेलं. दुसऱ्या हातावर आत्ताच परत द्या."

"याची कातडी जाड आहे," मी म्हणालो आणि वर बोळाही चोळला. तो तर मुळीच चोळायचा नसतो. तिने बोळ्याकडे पाहिलं, मग वहीत नोंद करून सही केली.

शनिवारी, अठ्ठेचाळीस तास भरल्यावर, मुलगा निकालाला आला. डॉक्टरांनी हातावरून बोट फिरवलं. लाली मोजायची नसते, कडकपणा मोजायचा असतो, तोही हाताच्या आडव्या दिशेने. तिथे लालीही नव्हती आणि कडकपणाही नव्हता.

"टोचल्यावर फुगवटा आला होता का?"

"कसला फुगवटा?" मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनी मुलाला बाहेर बसवलं आणि वही उघडली. सही सिस्टरची. आमची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती; सही जिची, सुई तिची, असं त्यांनी धरलं. मी कपाटातल्या बाटल्या पुसू लागलो. त्या सकाळीच पुसलेल्या होत्या.

"सिस्टर, फुगवटा आला नाही तर चाचणी झालीच नाही, एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला? उद्या तो शून्य लिहून घेऊन गेला असता! आजपासून सुईला हात लावायचा नाही. काका, तुम्ही द्या, दुसऱ्या हातावर."

ती माझ्याकडे पाहत होती. मी बोलेन म्हणून थांबली असावी. मी बाटली उजेडात धरली.

मग मुलाला आत बोलावून मी सुई घेतली. कातडी ताणली, भोक वर, सुई जवळजवळ आडवी. तिने सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळलं. मस्त पांढरा फुगवटा उठला, संत्र्याच्या सालीसारखा.

"याला म्हणतात हात," डॉक्टर म्हणाले.

सोमवारी मुलाच्या हातावर चौदा मिलिमीटर कडकपणा भरला, म्हणजे क्षयाचे जंतू अंगात शिरलेले होते. छातीचा फोटो स्वच्छ निघाला आणि तो अमेरिकेला गेला. सिस्टर पुढे महिनाभर नुसती वही लिहीत राहिली. मग तीही गेली. जाताना एवढंच म्हणाली, "काका, येते. बाटल्या सांभाळा."

बऱ्याच वर्षांनी माझ्या सांधेदुखीवर नवं औषध सुरू करायचं होतं. त्याआधी हीच चाचणी करायला हवी, म्हणून वाघोलीच्या एका इस्पितळात गेलो. टोचायला आली ती हीच सिस्टर, आता तिथली मेट्रन. चष्मा लागला होता. तिने मला ओळखलं. सरळ हात धरला. सुई आडवी सरकली आणि सुरेख वाटाणा उठला.

"चोळू नका," ती म्हणाली. "तुम्हाला सवय आहे."

निकालाला दोन दिवस होते. तेवढ्या वेळात मी माफीचं वाक्य पाठ केलं: सिस्टर, त्या गुरुवारची सुई माझी होती, हे मी तेव्हाच डॉक्टरांना सांगायला हवं होतं. स्वारगेटपासून वाघोलीपर्यंत बसमध्ये पुटपुटत गेलो. शेजारच्या बाईंना वाटलं मी जप करतोय. त्यांनी खिडकीची जागा दिली.

तिने हातावरून बोट फिरवलं, पट्टी आडवी धरली. "शून्य. आणि हे शून्य खरं आहे, काका."

मी तोंड उघडलं.

"बोला ना," ती पट्टी हातात धरून थांबली. तशीच, त्या शनिवारसारखी.

"फुगवटा," मी म्हणालो, "छान आला होता."