न मोडलेली पावती

मी भांडकुदळ आहे हे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी ठाण्यात आईच्या बँकेत मी जे भांडले, त्याची मला अजून लाज वाटते.

लेकीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळालेला. शुक्रवारपर्यंत दोन लाख भरायचे होते, नाहीतर सीट गेली. माझी विम्याची पॉलिसी चार महिन्यांनी पिकणार होती. चारच महिने, पण तोवर पैसे कुठून आणायचे? आईला फोनवर सहज बोलून गेले, तर ती म्हणाली, "माझी एफडी आहे ना! मोडून टाक. मी काय वर घेऊन जाणार आहे?"

बाबा गेल्यावर आलेल्या पैशांतून तिने पाच लाख पाच वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवलेले. दर तीन महिन्यांनी पावणेनऊ हजार तिच्या खात्यात जमा व्हायचे. चार वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी टेंभी नाक्याजवळच्या तिच्या बँकेत आम्ही दोघी गेलो. पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टँप लावून तिने घरूनच सही करून आणलेली, एवढी घाई.

काउंटरवरच्या बाईंनी पावती उलटसुलट पाहिली. "मोडू नका आजी. हिच्यावर कर्ज घ्या. नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतं, तुम्हाला तर दोनच लाख हवेत. आजच होईल. दर एफडीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त, म्हणजे आठ."

झालं! माझं टाळकं सटकलं. "पैसे आमचे, ते तुमच्याकडे पडलेले, आणि आम्हालाच आठ टक्क्यांनी देणार? दिवसाढवळ्या लुबाडणं झालं हे!" मागच्या रांगेतले एक काका लगेच "बरोबर बोलतायत ताई" म्हणाले, त्यामुळे मी आणखीच चढले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, बसा. चहा सांगू?" चहा आला नाही, पण त्यांनी पावतीची झेरॉक्स उलटी करून तिच्यावर हिशोब मांडला.

मोडली तर चार वर्षांच्या ठेवीचा दर लागणार. ती ठेवली तेव्हा तो साडेसहा होता. त्यातून मुदतीआधी मोडल्याचा एक टक्का वजा, म्हणजे साडेपाच. आई मात्र चार वर्षं सात टक्क्यांनी व्याज घेत आलेली. वरचा दीड टक्का, चार वर्षांचा, पाच लाखांवर, म्हणजे तीस हजार. ते मुद्दलातून कापून घेणार. वर अर्धी पावती मोडायची सोय त्या बँकेत नव्हती.

कर्ज घेतलं तर दोन लाखांवर महिन्याला तेराशे तेहतीस. "पण एफडी चालूच राहते," बाई म्हणाल्या. "त्याच दोन लाखांचे महिन्याच्या हिशोबाने अकराशे सदुसष्ट आजींच्या खात्यात येतच राहणार. घराच्या खिशातून खरे गेले ते एकशे सहासष्ट. चार महिन्यांत साधारण पावणेसातशे. आजींना कर लागत नाही म्हणून एवढ्यावर भागतं. कर भरणाऱ्याचा व्याजावर कर जातो, मग फरक वाढतो."

तीस हजार आणि पावणेसातशे. मी तो कागद दोनदा वाचला. मग बाईंना म्हटलं, "माझं चुकलं." काका मान खाली घालून पासबुक चाळायला लागलेले.

कर्ज आईच्याच नावावर. तिने फॉर्मवर सह्या केल्या, पावती बँकेकडे तारण राहिली आणि तासाभरात पैसे तिच्या खात्यात. हप्त्याचं बंधन नव्हतं, दर महिन्याचं व्याज भरायचं आणि पॉलिसी आली की मुद्दल. व्याज मी भरणार हे मी तिथेच ठरवून टाकलं. आई म्हणत होती, "माझ्या खात्यात येतंय त्यातूनच घे की." मी म्हटलं, "तू गप्प बस."

बँकेच्या पायऱ्या उतरताना आईने माझा दंड धरला. मग हळूच विचारलं, "म्हणजे तीन महिन्यांनी ते पावणेनऊ हजार येतील ना गं, नेहमीसारखे?"

"येतील की. का?"

"काही नाही. औषधांचे त्यातून देते." पुढच्या पायरीवर थांबून म्हणाली, "मोडली असती तर दर महिन्याला तुझ्या भावाकडे हात पसरावा लागला असता. रात्रभर तोच विचार करत होते."

"मग मोड म्हणालीस कशाला, अगं?"

"तुझ्या पोरीची सीट होती ना," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मला तिथेच पायरीवर रडू कोसळलं, आणि लोक बघतायत तर बघू देत म्हणून मी मनसोक्त रडले.