जयू सिस्टरचे वीस किलो

जयू मोघेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका इंटर्नला झापत होती. "वय विचारलंस ना? मग आता बोटं कसली मोजतोस? चारात चार आठ, आठ दुणे सोळा. सोळा किलो. औषध काढ!"

त्या मुलाने पटकन औषध काढलं. मी पाहत राहिले. मी लहान मुलांची डॉक्टर. इंदूरपासून तासाभरावरच्या आमच्या शहरात, फ्रीगंजच्या बाजूच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात निवृत्तीनंतरही आठवड्यातून चार दिवस जायची. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. जयू तिथल्या इमर्जन्सीची मुख्य सिस्टर होती. माधव नगरात दोन खोल्यांचं घर, लग्न केलं नाही, वडील अण्णा अंथरुणाला खिळलेले. त्यांनीच तिला लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती. मोठ्या पगाराच्या लोकांना कॅल्क्युलेटर लागतो, मला नाही, असं ती सगळ्यांना ऐकवायची. स्वभावाने तिखट होती. चहा मात्र सगळ्यांना स्वतःच्या हाताने करून पाजायची आणि वर म्हणायची, "प्या, साखर कमीच आहे, तुमच्या अकलेइतकी."

मुलांच्या इमर्जन्सीत प्रत्येक औषध वजनावर असतं. किलोमागे इतकं. झटके येत असलेलं मूल काट्यावर नीट उभं राहत नाही, आणि वेळ तर नसतोच. म्हणून पुस्तकांत सूत्रं दिलेली असतात. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर महिन्यांचं निम्मं अधिक चार. त्यापुढे वयात चार मिळवा आणि दुप्पट करा. जयूने ती एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाच्या डोक्याशी लावली होती. खरं तर तिला पुठ्ठ्याची गरज नव्हती. पालकाच्या तोंडून वय निघेपर्यंत हिच्या तोंडून किलो निघालेले असायचे. मीही तिच्यावर विसंबले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की मी बाजूला उभी होते.

श्रावणातली दुपार. देवाच्या पालखीची सवारी निघायची होती म्हणून रस्ते बंद होते. तराण्याकडच्या गावातला रमेश आणि त्याची बायको पूजा गाडी सोडून अर्धा रस्ता पळत आले. रमेशच्या हातांवर चादरीत गुंडाळलेली त्यांची मुलगी गौरी. तीन दिवस ताप, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ झटका थांबलेला नव्हता. त्यानेच तिला पलंगावर ठेवलं.

"कितने साल की?" जयूने विचारलं.

"छह की," पूजा म्हणाली.

"वीस," जयू म्हणाली.

मी वीसवर औषध सांगितलं. झटका थांबवायचं पहिलं इंजेक्शन. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तरी थांबेना, म्हणून फेनिटॉइन, झटक्यावरचंच पुढचं औषध, किलोमागे वीस मिलिग्रॅम, म्हणजे चारशे, सलाइनमधून सावकाश. जयूने सुई लावली ती पहिल्याच खेपेला. एवढ्या झटक्यात शीर मिळणं सोपं नसतं. झटका थांबला. पूजाने हात जोडले. आणि मग गौरीचा श्वास उथळ होत गेला, नाडी हाताला लागेनाशी झाली.

मी तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दाबत श्वास देत राहिले. इंदूरला हलवायचं ठरलं. गाडी आली तेव्हा जयूने गौरीला पलंगावरून उचलून स्ट्रेचरवर ठेवलं, आणि तशीच वाकलेली राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "ही वीस नाही. बारा-तेराच्या वर नाही ही."

गाडी निघाली. इंदूरला काटा लावलेल्या पलंगावर वजन आलं बारा किलो चारशे. फेनिटॉइन किलोमागे वीसच्या जागी बत्तीस गेलं होतं, पहिलं इंजेक्शनही त्याच हिशेबाने जास्त. तिसऱ्या दिवशी गौरी गेली. ताप मेंदूत गेला होता, झटका फार लांबला होता. योग्य मात्रा दिली असती तर वाचली असती का? मला माहीत नाही. चाळीस वर्षं हे काम करून मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

जयूला कुणी काही म्हटलं नाही. आमच्या बैठकीत मी माझं नाव घेतलं, तिने तिचं. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, पुस्तकाप्रमाणे केलंत ना? केलं. मग झालं.

दोन आठवड्यांनी पूजा कागद न्यायला आली. एकटीच. कागद मिळाले तरी जाईना. दाराशी उभी राहून तिने जयूला विचारलं, "दीदी, मैंने छह बोल दिया था. पूरे पाँच की थी, छठा लगा था. इंदौर में कोई बोला, उमर ग़लत बताई तो दवाई ज़्यादा पड़ गई. मेरी सास भी यही कहती है. मेरे बोलने से हुआ क्या?"

आपल्याकडे चालू वर्षच सांगतात. पाच पुरी झाली, सहावं लागलं, की सहा. जयूने हे पंचवीस वर्षं ऐकलं होतं. "घर जाओ, आराम करो," एवढंच म्हणाली. पूजा गेली.

संध्याकाळी मी तिला चांगलीच फैलावर घेतली. "नाही म्हणायला काय झालं होतं तुला?"

"कारण मला वाटलं, तेच असेल," जयू म्हणाली. "मला हवंच होतं मॅडम, की तेच असावं."

मग तिने एका वहीत हिशेब मांडला. सहाच्या जागी पाच धरले तर सूत्र सांगतं अठरा. आईच्या शब्दाने दोन किलो वाढले. बाकीचे साडेपाच किलो सूत्राचे. खऱ्या वजनाच्या तुलनेत वीस म्हणजे साठ टक्क्यांनी जास्त, पण अठरा म्हणजेही पंचेचाळीस टक्क्यांनी जास्तच. आईने अगदी जन्मतारखेसह वय सांगितलं असतं तरी गौरीला जवळजवळ दीडपट औषध गेलं असतं.

पण एका मुलीवरून काय कळतं, म्हणून तिने वही उघडली ती बंद केली नाही. तीन महिने ओपीडीत आलेलं प्रत्येक मूल. सांगितलेलं वय, लसीच्या कार्डावरचं वय, सूत्राचं वजन, काट्याचं वजन. तीनशे बारा मुलं. मी तिच्याबरोबर बसून मोजली. सूत्र दहा टक्क्यांच्या आत बरोबर आलं ते एकशे अठरा मुलांत. दहातल्या चारांतही नाही! एक्क्याऐंशी मुलांत वीस टक्क्यांहून जास्त फुगलेलं. एका नऊ वर्षांच्या मुलाचे सूत्राने सव्वीस, काट्यावर सतरा. उलटंही होतं. टावर चौकातल्या मिठाईवाल्याचा सात वर्षांचा नातू काट्यावर चौतीस, सूत्राने बावीस. त्याला झटका आला असता तर औषध अपुरं पडलं असतं. सूत्र करणाऱ्यांनी परदेशातली, पोटभर खाणारी मुलं डोळ्यांपुढे ठेवली होती. आमच्या पलंगावर कोण येतं हे त्यांना काय ठाऊक. आम्हाला ठाऊक होतं.

"हात पाहिला होता मी," जयू मला म्हणाली. "सुई लावताना. काडी होती. पाहिलं, पण आकडा आधीच ठरून गेला होता ना."

दिवाळीनंतर आम्ही दोघी तराण्याच्या बसने गेलो. मी म्हटलं होतं, फोन कर. तर म्हणाली, फोनवर सासूला ऐकू जाणार नाही.

अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. सासू खाटेवर, रमेश दाराला टेकून. पूजा आमच्यासाठी पाणी घेऊन आली. जयूने पेला हातात घेतला नाही. उभ्याउभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "अम्मा, आप भी सुनो. पूजा के छह बोलने से दो किलो का फ़र्क़ पड़ा. साढ़े पाँच किलो का फ़र्क़ मेरे हिसाब से पड़ा. वो पाँच बोलती तो भी ग़लत होता. बीस मैंने बोला था. इसने नहीं."

"दवा मैंने लिखवाई थी," मी म्हटलं. मागे राहायची मला सवय नाही.

सासू म्हणाली, "अब आके बोल रही हो. चार महीने से हम इसको सुना रहे हैं."

"हाँ," जयू म्हणाली. "उस दिन ये पूछने आई थी. मैं चुप रही. वो भी मेरी ग़लती."

पूजाने पेला खाली ठेवला आणि आत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. ती बाहेर आली ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत गौरीचं टीक्याचं, म्हणजे लसींचं कार्ड. त्यात अंगणवाडीच्या बाईने दर थोड्या महिन्यांनी वजन लिहिलेलं. शेवटची नोंद आषाढातली. ग्यारह किलो नौ सौ.

"ये थैली में था," पूजा म्हणाली. "उस दिन भी. किसी ने माँगा नहीं."

जयूने कार्ड हातात घेतलं. बराच वेळ वाचत राहिली, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असेल.

"दीदी, तौल भी तो सकते थे?" पूजाने विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "अस्पताल में काँटा तो होगा."

"बाजू के कमरे में था," जयू म्हणाली. "बाप गोद में लेकर खड़ा हो जाता, फिर अकेला खड़ा होता. घटा लेते. एक मिनट लगता."

"एक मिनट," पूजा म्हणाली.

सासूने पदर तोंडाशी नेला. मग कोणाला न बघता म्हणाली, "बहू, पानी दे इनको." आणि जरा थांबून, "तू भी पी ले. सुबह से कुछ लिया नहीं है."

पूजा तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, शेजारच्या बायका कुंपणाशी येईपर्यंत. सासू खाटेवरून उतरली आणि तिच्याजवळ बसली. आम्हाला थांबा म्हणालं नाही कुणी, जा म्हणालं नाही. जयूने कार्ड पिशवीत घालून खाटेवर ठेवलं. आम्ही निघालो.

जयू पुढे तीन वर्षं नोकरीत होती. काटा तिने इमर्जन्सीच्या दारात आणून ठेवला, त्याच्यावरून पाय अडखळले तरी हलवू दिला नाही. मूल उचलून आणणाऱ्यालाच त्यावर उभं करायची. ते अगदीच शक्य नसेल तर कार्ड मागायची, तेही नसेल तर लांबी मोजून त्यावरून वजन काढायची आणि हाडापेराकडे बघून तेही कमी करायची. सूत्र सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हाही औषध थोडं थोडं करून. नवी पोरं वैतागायची. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. तिने एखादं मूल वाचवलं असेलही, पण कोणतं, हे सांगता येत नाही. गेलेलं मात्र सांगता येतं. परवा मी तिला विचारलं, पूजाकडून काही कळलं का. म्हणाली, मुलगा झाला. तीन किलो शंभर, काट्यावरचे. रमेशने फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवला.