ओली फरशी आणि मावशींचं मनगट

जामखेडला वकिली करू लागले तेव्हापासून माझा दुपारचा डबा कोर्टामागच्या गल्लीतल्या एका खानावळीतून येतो. खानावळ म्हणजे पत्र्याची लांबट खोली, चार बाकडी आणि साठी ओलांडलेल्या मावशी. भाजी सून करायची, पण भाकरी मावशींची. तालुक्याच्या कामाला आलेली माणसं मुद्दाम तिथं जेवायला थांबायची ती त्या भाकरीसाठी.

एके दुपारी डब्यात भाकरीऐवजी पोळ्या निघाल्या. मी फोन केला तर सून म्हणाली, "आत्या पडल्या वकीलबाई. आमी किराणा आणाय गेल्तो. उजवा हात मोडलाय."

संध्याकाळी काम आटोपून गेले. मावशी खाटेवर बसल्या होत्या. कोपरापर्यंत प्लास्टर, बोटं सुजलेली. दुखणं सोसत बसलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो, कोणावर तरी रागावल्यासारखा होता. रागावल्या होत्या त्या स्वतःवरच.

"माझंच चुकलं बाई. बगून चालाया नको? आता ह्या पोरीनं एकटीनं काय काय करायचं?"

बसस्टँडकडे एक नवं किराणा दुकान झालंय. आपणच आत फिरून माल घ्यायचा तसलं. काचेचं दार, आरशासारखी फरशी. मावशी सुनेला घेऊन तिथं ज्वारीचं पीठ आणि तेल घ्यायला गेल्या होत्या. फरशी नुकतीच पुसलेली होती. पाय सरकला, तोल सावरायला हात टेकला आणि मनगटात कडकन आवाज झाला.

"फरशी ओली आहे असं कोणी सांगितलं का तुम्हाला?"

"न्हाई. पिवळी पाटी हुती, पर ती घडी करून भितीला टेकवल्याली. वर काय लिवलंय ते इंग्रजीत. मला कुठं कळतंय?" मग घाईघाईनं म्हणाल्या, "पर दुकानाचा मालक, पोरगं चांगलं हाय हां. त्यानंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याच्यावर केस न्हाई करायची. त्यानं काय मुद्दाम पाडलं व्हय मला?"

हे 'मुद्दाम' मला पुढं बऱ्याच वेळा ऐकायला लागलं, दोन्ही बाजूंनी. मी त्यांना तेव्हा सांगितलं ते असं. मुद्दाम केलं तर तो वेगळाच प्रकार होतो. निष्काळजीपणाला वाईट मन लागत नाही. दुकानदार दार उघडून गिऱ्हाइकाला आत बोलावतो, तेव्हा आतली जमीन चालण्याजोगी ठेवणं त्याच्याकडे येतं. कोणीच कधी पडणार नाही अशी हमी कायदा त्याच्याकडून मागत नाही. त्याच्या जागी एखाद्या समंजस माणसानं जेवढी काळजी घेतली असती, तेवढी त्यानं घ्यायची. फरशी पुसली यात काही चूक नाही, दुकान स्वच्छ नको का? पण पुसल्यावर कोरडी होईपर्यंत तिथून कोणाला जाऊ न देणं, निदान तोंडानं सांगणं, हे कठीण नव्हतं. ते झालं नाही, त्यामुळे तुम्ही पडलात, आणि पडल्यामुळे हात मोडला. एवढं सगळं एकाला एक जोडून दाखवता आलं तर भरपाई मागता येते.

"म्हंजी मी आंधळ्यावानी चालले म्हनून न्हाई?"

"ते मला अजून माहीत नाही," मी खरं ते सांगितलं. "चुकीत तुमचाही थोडा वाटा असेल. असला तर तेवढी भरपाई कमी होते. पण सगळं तुमच्याच माथी, असं नाही."

मावशी सुनेला म्हणाल्या, "वकीलबाईला च्या टाक."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. मालक तिशीतला, बोलायला मऊ. मी कोण ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, पोलिसात जाणार का तुम्ही?"

"नाही. हा दिवाणी मामला आहे. तुरुंगाचा नाही, नुकसानभरपाईचा."

त्यानं मोठा श्वास सोडला. मग जरा धीर येऊन म्हणाला, "मी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, तिथलं पहिलं बिल भरलं. आणि चूक त्या पुसणाऱ्या बाईची होती. अर्धवट टाकून टेम्पोतला माल उतरवायला गेली. मी तिला कामावरून काढलं."

छताला कॅमेरा होता. मी विचारलं, चित्रण किती दिवस राहतं? थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं, तो म्हणाला. ते जपून ठेवा, असं मी तिथंच तोंडी सांगितलं आणि त्याच दिवशी लेखी नोटीसही पाठवली. खरं सांगायचं तर मला धाकधूक होती. सिद्ध करायची जबाबदारी आमच्यावर होती, आणि चित्रण गेलं तर मावशींच्या शब्दाशिवाय हातात फारसं काही उरलं नसतं.

नोटिशीचं उत्तर आमच्याच वकील संघातल्या एका ज्येष्ठ वकिलांकडून आलं. ते मला भर बाररूममध्ये, वकिलांच्या खोलीत, म्हणाले, "अगं, ओली फरशी चकाकते. डोळे असलेल्याला दिसते. आणि तुझ्या मावशी मागं वळून बोलत होत्या, असं माझा अशील सांगतो. शिवाय या वयात हाडं ठिसूळच. तरुण माणूस पडलं असतं तर झटकून उठलं असतं."

"सर, दुकानात म्हाताऱ्या माणसांनी यायचं नाही, अशी पाटी आहे का? समोरचं माणूस जसं आहे तसं धरूनच नुकसान मोजायचं ना?"

ते हसले. "ते मान्य. पण वाट्याचं काय?"

वाट्याची काळजी मलाही होतीच. दावा लावला तर किती वर्षं जातील याचा भरवसा नव्हता, आणि मावशींना कोर्टाच्या पायऱ्या चढायच्याच नव्हत्या. म्हणून मी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला. तिथं दावा लावायच्या आधीच दोन्ही बाजूंना बोलावून तडजोडीचा प्रयत्न होतो, आणि बाईमाणसाला वकिलाची मदतही फुकट मिळते. मावशींना म्हटलं, "ही केस नाही. बसून बोलणं आहे." तेव्हा कुठं त्या तयार झाल्या.

बोलणी कोर्टाच्या आवारातल्या एका छोट्या खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला मावशी, सून आणि मी. समोर मालक आणि त्याचे वकील. मालकानं चित्रण जपून ठेवलं होतं आणि लॅपटॉप घेऊन आला होता. मी तोवर ते पाहिलं नव्हतं.

पडद्यावर पुसणारी बाई दिसली. ती बादली उचलून बाहेर गेली. पाटी भिंतीला टेकलेली, मावशींनी सांगितली तशीच. काही वेळानं मावशी आल्या. त्यांनी मागं वळून सुनेला काही तरी सांगितलं, त्याच पावलाला घसरल्या. पडताना पाहून सुनेनं तोंडाला पदर लावला. मावशी मात्र टक लावून बघत राहिल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मी मागं बगत हुते. तेल कुठलं घ्यायचं ते इचारत हुते."

मी मनात म्हटलं, झालं. ज्येष्ठ वकील लॅपटॉप मिटायला पुढं वाकले. तेवढ्यात मालक म्हणाला, "थांबा सर. जरा मागं घेतो."

त्यानं चित्रण मागं नेलं. मावशी यायच्या आधी एक उंच माणूस त्याच जागी घसरला. त्यानं मांडणीचा दांडा धरला, सावरला, आणि गल्ल्याकडे बघून हसला. गल्ल्यावर मालक बसला होता. तोही हसला. आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघायला लागला.

मालकानं चित्रण तिथंच थांबवलं.

"मला ह्याची आठवणच नव्हती," मालक म्हणाला. "काल रात्री बघताना दिसलं. त्या माणसाला काही झालं नाही म्हणून मी सोडून दिलं. तेव्हाच उठून पाटी मधे ठेवली असती तर..."

त्याच्या वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला विचारून तरी दाखवायचं," ते पुटपुटले, पण रागानं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोल आता. त्या उंच माणसाला काही झालं नाही, म्हणून त्याला मागण्यासारखं काही नाही. पण त्याच्या घसरण्यानं आम्हाला धोका कळला होता, एवढं मी नाकारत नाही."

आमची बाजू भक्कम करायला मला यापेक्षा जास्त काही लागत नव्हतं. तशी फरशी त्यांच्याच माणसानं ओली केली होती. कुठल्या गिऱ्हाइकाच्या हातून क्षणापूर्वी पाणी सांडलं असतं तर 'आम्हाला कळायला वेळच मिळाला नाही' म्हणता आलं असतं. इथं तसं नव्हतं, आणि वर इशाराही मिळालेला होता. मीही मग सरळच बोलले. मावशींचं लक्ष मागं होतं, त्यांचा थोडा वाटा आम्ही मान्य करतो. पण दुकानात मांडणीकडे बघत, घरच्यांशी बोलत चालणारच गिऱ्हाईक. मोठा वाटा दुकानाचा.

तासाभरात जमलं. उपचाराचा राहिलेला खर्च आणि हात बंद होता तेवढ्या काळात खानावळीत ठेवाव्या लागलेल्या मदतनीस बाईचा पगार, त्यातून मावशींचा थोडा वाटा वजा. दुखण्याबद्दल म्हणून काही वेगळं. मालकानं घासाघीस केली नाही.

मी मसुदा लिहायला घेतला तर मावशी म्हणाल्या, "थांबा. आजून एक हाय. ती पुसनारी बाई काढली, वकीलबाईनं सांगितलं मला. तिला कामावर परत घ्यायची."

"मावशी, तिच्यामुळंच तर झालं सगळं," मालक म्हणाला.

"माल उतरवाया तिला कुनी बोलिवलं हुतं?"

मालक खाली बघायला लागला. "मीच."

"मंग?"

त्याचे वकील हळूच म्हणाले, "तसंही, कामावरच्या माणसाची चूक कायद्यात मालकाच्याच नावावर येते. तिला काढून आपली सुटका होत नव्हतीच." तिला परत घ्यायचं ठरलं. ते कागदात घालता येईल का याची मला खात्री नव्हती, पण घातलं, आणि कोणी हरकत घेतली नाही.

पुढच्या लोकअदालतीत पॅनेलसमोर तो कागद गेला. न्यायाधीशबाईंनी मावशींना विचारलं, "तुम्हाला हे सगळं समजलंय ना? कोणी दबाव टाकला नाही ना? यावर पुन्हा अपील करता येत नाही." मावशी म्हणाल्या, "समजलं बाई. दबाव कुनाचा न्हाई." प्लास्टर निघालं होतं पण बोटं अजून नीट वळत नव्हती. त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर काढत सही केली. त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकुमाइतकीच ताकद असते, हे मी सुनेला सांगत होते, पण तिचं लक्ष सासूच्या हाताकडे होतं.

बाहेर आलो तेव्हा मालक झाडाखाली उभा होता. मावशींना बघून पुढं आला. म्हणाला, "मावशी, आता दुकान बंद झाल्यावरच पुसतो. मधे काही सांडलं तर पाटी ठेवून कोणाला तरी उभं करतो. पाटीपण मराठीत करून घेतली."

"बरं केलं," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, आता ह्याच्या दुकानात कुन्या तोंडानं जायचं."

"मलाही तेच वाटत होतं, की आता तुम्ही येणार नाही."

दोघंही हसले. मालकाच्या खांद्यावरचं काही तरी खाली उतरल्यासारखं दिसलं मला. माझ्याही उतरलं होतं. आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. पैसे ज्येष्ठ वकिलांनी दिले, कोणाला देऊ दिले नाहीत.

मावशींचा हात पूर्वीसारखा पूर्ण झालेला नाही. थंडीत ठणकतो. भाकऱ्या त्या आता थोड्याच करतात, बाकीच्या सून थापते, आणि सुनेच्या भाकरीला मावशी रोज नावं ठेवतात.