शेलारांच्या वहीतला आठवा नियम

धोंडीराम शेलार सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हाताखालून किती रंगरूट गेले असतील याचा हिशेब त्यांनाही नव्हता. बेळगावला बारा वर्षं ते शिकवायला होते. पुस्तकं इंग्रजीत, पोरं सातारा-सांगली-कोल्हापूरची. शेलार पुस्तकाचं पान वाचायचे, मिटायचे आणि मराठीत सांगायचे. त्यांनी सांगितलेलं कुणाला कळलं नाही, असं कधी झालं नाही. निदान त्यांची तशी समजूत होती.

निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांनी गावी काढली. मग मुलगा इंद्रजित गुडगावला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, त्यानं अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना बोलावून घेतलं. दोन हजार पाचचा उन्हाळा होता. खिडकीतून बघावं तर अर्धे टॉवर उभे, अर्ध्यांच्या डोक्यावर क्रेन. दुपारी लू सुटायची, वीज जायची, खाली जनरेटर घरघरायला लागायचा. शेवंताबाईंना, म्हणजे शेलारांच्या बायकोला, लिफ्टचं बटण दाबून उगाच खाली-वर करण्यापलीकडे करमणूक नव्हती.

त्या मे महिन्यात इंद्रजित ऑफिसच्या कामानं जर्मनीला गेला आणि येताना एक मोठा खोका घेऊन आला. आत नदीचं चित्र असलेला पट, सहा घाट, लाकडी होड्या, रंगीत पोत्यांची चित्रं असलेली खेळायची पत्ती आणि एक छोटासा पितळी कंदील. त्यानं अर्धा तास सगळ्यांना समजावून सांगितलं आणि सोमवारी परत कामाला जुंपला. मंगळवारी त्यातलं कुणालाही काही आठवेना.

"आबा, पुस्तकात सगळं लिहिलंय," दहा वर्षांची तेजश्री म्हणाली. "इंग्लिशमध्ये आहे. मी वाचते ना!"

"तू वाचशील, मी काय करू?" शेवंताबाई म्हणाल्या. "दर वेळी तुला विचारायचं आणि तू आपल्या सोयीचं सांगणार. मला मराठीत कागद द्या, मग मी खेळते."

शेवंताबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायच्या. मागणी रास्त होती.

"त्यात काय," शेलार म्हणाले. "चार पानं तर आहेत."

त्यांनी तेजश्रीची कोरी वही घेतली, चष्मा पुसला आणि दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. पुस्तिकेत बारा नियम होते, आकडे घालून. शेलारांनी पहिला खर्डा केला तो असा: 'प्रत्येक क्रीडकाने आपल्या क्रमानुसार विक्रीयोग्य जिन्नस ग्रहण करावेत.'

शेवंताबाईंनी वाचलं आणि वही खाली ठेवली. "हे कोण बोलतंय? तलाठी?"

"छापील भाषा अशीच असते."

"पण आपण बोलतो कसं? रंगरुटांना असं सांगितलं असतं तर ते पळून गेले असते."

हे शेलारांना लागलं, कारण खरं होतं. त्यांनी पान फाडलं. दुसऱ्या खर्ड्यात पोती आली, होडी आली, घाट आला. एका शब्दावर मात्र अडलं. आपला नंबर आला की खेळायचं, त्याला काय म्हणायचं? त्यांनी सरळ 'पाळी' लिहिलं. तेजश्रीची आई ममता दिल्लीतच वाढलेली. तिनं वाचलं आणि ओठ दाबून हसली.

"बाबा, दुसरा कुठला शब्द नाही का? म्हणजे, पंधरा वेळा 'तेजश्रीची पाळी' असं... जरा ऑड वाटतं ना."

शेलारांचे कान लाल झाले. "मग काय म्हणू?"

"आम्ही तर बारीच म्हणतो. 'अब किसकी बारी है?' पण ते हिंदी झालं."

"हिंदी कुठलं?" शेवंताबाई म्हणाल्या. "आमच्या गावात विहिरीवर पाण्याला बारीच असते. लिहा बारी."

ममतानं आणखी एक गोष्ट काढली. शेलारांनी लिहिलं होतं, 'मग माल विकावा.' ती म्हणाली, "बाबा, इथे इंग्लिशमध्ये 'मे सेल' आहे, म्हणजे विकू शकता. मर्जी असेल तर. विकलंच पाहिजे असं नाही."

"फौजेत लिहिलं की करायचं असतं," शेलार म्हणाले, पण त्यांनी 'विकावा' खोडून 'हवा तर विकावा' केलं.

शुक्रवारी दुपारी पट मांडला. आठ पत्ती बाजारात उघडी ठेवली. शेवंताबाई वही मांडीवर घेऊन बसल्या. वहीप्रमाणे ज्याच्यापुढे कंदील त्याची पहिली बारी. बारीचे तीन भाग: दोन पत्ती घ्यायची, होडी तीन घाटांपर्यंत हलवायची, आणि हवा तर त्या घाटावर एका रंगाची पोती विकायची. घाटावर जो आकडा असेल तितके गुण दर पोत्याला. एकाची विक्री झाली की त्या घाटाचा आकडा एकानं उतरतो. सगळे खेळून झाले की कंदील डावीकडच्याकडे जातो, बाजार पुन्हा आठ पत्त्यांनी भरतो आणि घाटांचे आकडे परत मूळचे होतात.

कंदील तेजश्रीकडे होता. तिनं सगळ्यांत चांगली दोन पत्ती उचलली, सहाच्या घाटावर गेली, दोन्ही पोती विकून बारा गुण घेतले. बाकीच्यांना उरलेली पत्ती आणि उतरलेले आकडे. पुढच्या वेळी कंदील ममताकडे, तेव्हा ममताची चैन. मग शेलारांची. शेवंताबाईंच्या हाती कंदील आला तेव्हा त्यांनीही भरपूर गुण केले आणि तरी तोंड वाकडं केलं.

"ह्यात डोकं कुठं लावायचं? कंदील ज्याच्याकडे त्याचं राज्य. बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. इतक्या लांबून आणलेला खेळ असा असतो?"

"परदेशी आहे. असेल तसा," शेलार म्हणाले.

"मज्जा नाही आली, यार," तेजश्री म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

पट आवरताना शेवंताबाईंनी पुस्तिका आणि वही शेजारी शेजारी धरली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्यांचे नियम बारा. तुमचे अकरा."

शेलार होड्या खोक्यात भरू लागले.

"दोन नियम एकत्र केलेत का?"

"नाही."

"मग?"

शेलारांनी चष्मा काढला. पुसण्यासारखं काही नव्हतं तरी पुसला. "आठवा गाळला."

"का?"

"कळला नाही. म्हटलं छापायची चूक असेल."

हे म्हणताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की स्वयंपाकघरात कांदा चिरणारी ममता थांबली. सासऱ्यांनी काही कळलं नाही असं म्हटलेलं तिनं लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ऐकलं नव्हतं. शेवंताबाईंनी तर पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पण त्यांनी त्याची टर उडवली नाही. फक्त म्हणाल्या, "काय लिहिलंय ते तरी सांगा."

"लिहिलंय, विकताना उलट्या क्रमानं विकायचं. आता मी माझी पत्ती घेतली, माझी होडी नेली, माझा माल विकला. मी एकटा उलटा कसा विकणार?"

"एकट्यानं नाही जमायचं," शेवंताबाई विचार करत म्हणाल्या. "उलटा क्रम म्हणजे शेवटचा आधी. त्याला चौघं लागतात. म्हणजे विकायला सगळे एकदमच थांबलेले असणार."

शेलार पुस्तिकेवर वाकले. चौथा नियम पुन्हा वाचला. मग ममताला हाक मारली. "ममता, इथे राउंड आहे आणि इथे टर्न आहे. दोन वेगळे का?"

ममता पदराला हात पुसत आली. "बिल्कुल वेगळे, बाबा. टर्न म्हणजे एकाची बारी. राउंड म्हणजे सगळ्यांचं एकदा होणं." तिनं वही बघितली. "अच्छा! तुम्ही दोन्हीकडे बारी लिहिलंय."

तिथेच सगळं फिसकटलं होतं. तीन भाग बारीचे नव्हते, फेरीचे होते. आधी चौघांनी ओळीनं पत्ती घ्यायची. मग चौघांनी ओळीनं होड्या हलवायच्या. आणि मग विक्री, ती शेवटच्यापासून पहिल्याकडे. कंदीलवाल्याला पत्ती निवडायचा पहिला मान, पण विकायला तो शेवटी, तोवर घाटाचा आकडा उतरलेला.

शेलारांनी वही मिटली. "बारा वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "किती ठिकाणी असं गाळलं असेल कुणास ठाऊक."

"तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं," शेवंताबाई म्हणाल्या. "चहा टाकू का?"

फौजेत पुस्तकात बदल झाला की छापील पट्टी यायची, ती जुन्या ओळीवर चिकटवायची. शेलारांनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, तेजश्रीकडून डिंक आणवला आणि जिथे जिथे बारीच्या जागी फेरी हवी होती तिथे चिकटवत गेले. आठव्यापासूनचे आकडेही एकेकानं वाढवले. आठव्या नियमाला जागा नव्हती, म्हणून वहीच्या पानाला खाली घडी घालून पुरवणी जोडली: 'विक्री करताना कंदीलवाला शेवटी. त्याच्या उजव्या हाताला बसलेला पहिला.'

रविवारी इंद्रजित घरी होता. त्यानं वही चाळली आणि म्हणाला, "बाबा, हा आठवा मी पण तुम्हाला सांगितला नव्हता. माझ्या लक्षातच नव्हता." होड्या चारच, म्हणून तो तेजश्रीच्या जोडीला बसला.

ह्या वेळी खोलीत वेगळाच गलका होता. पत्ती घेताना सगळे एकमेकांच्या हाताकडे बघत होते. शेवंताबाईंनी हिरवी पोती जमवायला सुरुवात केली तशी ममतानं गरज नसताना एक हिरवं उचललं. शेलार सहाच्या घाटावर जाऊन बसले, तर त्यांच्याआधी विकायचा हक्क असलेली तेजश्रीही तिथेच येऊन टेकली आणि सहाचा आकडा पाचावर आणून मोकळी झाली.

"आबा, सॉरी हं," ती म्हणाली. तिला अजिबात वाईट वाटलं नव्हतं.

एकदा वहीवरून भांडणही झालं. शेवटी उरलेल्या दर दोन पोत्यांना एक गुण होता. तेजश्रीकडे पाच पोती होती आणि ती तीन गुण मागत होती.

"दोन जोड्या, दोन गुण," शेलार म्हणाले.

"पाचव्याचं काय? अर्धा तरी द्या."

"अर्धा गुण पुस्तकात नाही."

"पण वहीत अर्धा नाही असं पण लिहिलेलं नाही!"

शेलारांनी पेन काढलं आणि अकराव्या नियमापुढे लिहिलं, 'एकटं उरलेलं पोतं मोजायचं नाही.' तेजश्रीनं मान्य केलं, आता ते लिहिलेलं होतं म्हणून.

बेरीज झाली. शेवंताबाई आणि ममता, दोघींचे सत्तर. सगळ्यांचे डोळे शेलारांकडे वळले. त्यांनी तोंडपाठ सांगायला तोंड उघडलं, मग थांबले आणि वही शेवंताबाईंपुढे सरकवली.

"तूच वाच."

त्यांनी बोट ठेवून सावकाश बारावा नियम वाचला: 'गुण सारखे झाले तर ज्याच्याकडे कमी पोती उरली तो जिंकला.' मग स्वतःची पोती मोजली. तीन. ममताची एक.

"अरे देवा," शेवंताबाई म्हणाल्या. "बघू, इंग्रजीत पण हेच आहे का?"

"हेच आहे, आई," इंद्रजित हसत म्हणाला.

"तेवढाच एक नियम गाळायचा होता तुम्ही," शेवंताबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि पुढच्या डावासाठी पत्ती पिसायला घेतली.