राजश्री आणि मेणाची डबी

राजश्रीकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते शाळेच्या व्हरांड्यातल्या माठामुळे. माठाच्या तोटीतून पाणी ठिबकायचं आणि सगळ्यांनी ते ठिबकणं मान्य करून टाकलं होतं. सातवीतली ही मुलगी मधल्या सुटीत डबा खायचं सोडून तोटीखाली बोट धरून उभी होती. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाई, वॉशर घिसला आहे. पप्पांकडून आणते." दुसऱ्या दिवशी तिनं खरोखरच वॉशर आणला, शिपायाकडून पाना मागून घेतला आणि तोटी बंद करून वर्गात येऊन बसली. कुणी शाबासकी दिली का, याकडे तिचं लक्षही नव्हतं.

तिचे वडील गुणवंतराव लष्कराच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. इंजिनाखाली कागद पसरून ठेवायचा आणि त्यावर तेलाचा एक डाग जरी पडला तरी गाडी परत पाठवायची, हे त्यांचं काम. त्या घरात गळती म्हणजे दोष, आणि दोष म्हणजे नापास. राजश्री त्याच नजरेनं वाढली.

जबलपूरमधली आमची मराठी शाळा तेव्हा भरलेली असायची. मुलं घरी मराठी बोलत, रस्त्यावर हिंदी, आणि माझ्यासमोर दोन्हींची भेळ. 'बाई, हा मला मारून राहिला' हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती तोंडांतून ऐकलं असेल. आता त्या इमारतीत मराठीचे वर्ग नाहीत. मी मदन महल भागात राहायला आले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. पण दसऱ्याला सोनं द्यायला जुन्या मुली येतात, त्यात राजश्री नेमानं यायची. आधी वडिलांच्या सायकलवर, मग स्कूटीवर, मग रेल्वेत काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर, अंबरीशबरोबर. गुणवंतराव निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच तीही परीक्षा देऊन त्याच कारखान्यात, तपासणीतच लागली होती. कागद पसरायची पद्धत अजून तीच आहे का, असं मी एकदा विचारलं, तर ती हसून म्हणाली, "मशीन आल्या बाई, पण मी कागद टाकतेच."

लग्नाला वर्षं होत गेली तशी ती चैत्रातल्या हळदीकुंकवाला यायची बंद झाली. तिच्या सासरच्या, दीक्षितपुऱ्यातल्या बायका ओटी भरता भरता जे विचारतात ते कुणाला चुकत नाही. ती दसऱ्याला मात्र यायची आणि मी काही विचारत नसे. एकदा आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून तिनंच एका वाक्यात सांगितलं, की उपचार सुरू आहेत, प्रयोगशाळेत गर्भ तयार करून ठेवणार आहेत. मी पान देव्हाऱ्यात ठेवलं आणि चहा टाकला.

त्यानंतरचा उन्हाळा. सकाळी दहालाच गल्लीत पाय भाजत होते. ऑटोतून राजश्री एकटीच उतरली, जपून, एखादी भरलेली परात डोक्यावर असल्यासारखी. गर्भ ठेवून थोडेच दिवस झाले होते आणि रक्ताची तपासणी अजून व्हायची होती, हे मला अंबरीशच्या फोनवरून माहीत होतं. पाणी पिऊन तिनं दार लोटून घेतलं आणि पर्समधून हिंगाची असते तसली छोटी स्टीलची डबी काढून माझ्यासमोर उघडली. आत बटर पेपरवर पांढुरका मेणाचा चिकट गोळा होता.

मला काही कळेना. तेव्हा तिनं मान खाली घालून, पण एकही शब्द न गाळता सांगितलं. गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन नावाचं औषध देतात. तिला त्याच्या मेणासारख्या वड्या दिल्या होत्या. त्यांना पेसरी म्हणतात, आणि त्या सकाळ-संध्याकाळ योनीमार्गात ठेवायच्या असतात. वडी ठेवली की तासाभरानं, कधी उठून चालल्यावर, हे असं बाहेर यायचं. कपड्याला लागायचं. तिनं ते पुसून जमा केलं होतं.

"बाई, सगळं गळून राहिलं," ती म्हणाली. "जेवढं आत टाकते तेवढंच बाहेर. मग आत काय राहिलं?"

तिच्या सासूबाई, वसुधाताई, कपडे वाळत घालताना डाग पाहून थबकल्या होत्या. त्यांच्या मते हे अंगावरून पांढरं जाणं होतं, औषध उष्ण पडल्यामुळे आलेलं. त्या तिला रोज तांदळाचं धुवण देत होत्या आणि वडी थांबव म्हणत होत्या. राजश्रीला त्यांचं पटलं नव्हतं. तिचा हिशेब वेगळा होता आणि माझ्या मते जास्त धोक्याचा. जे गळतं ते नापास. नापास झालेलं पुन्हा पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी सकाळची वडी तिनं ठेवलीच नव्हती.

मी डॉक्टरांना फोन कर म्हटलं. तिनं डबीचं झाकण लावलं. फोन केला की त्या सांगतील, गेलं म्हणून, आणि मग ते खरं होईल, असं काहीसं ती म्हणाली. वडील गेले त्या दिवशीही दवाखान्यातून फोन आला तेव्हा तिनं तो उचलला नव्हता, हे मला आठवत होतं.

"तू तपासनीस आहेस ना?" मी म्हटलं. "मग ज्या मशीनचा नक्षाच तू पाहिला नाहीस, ते फेल कसं करतेस?"

ती पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "काहून असं टोचून बोलता बाई." पण चप्पल घातली.

दवाखाना सदर भागाच्या बाजूला आहे. आम्ही ऑटो केला. वाटेत आमच्या शाळेकडे वळणारा रस्ता लागला. तिनं तिकडे बघितलं, मीही बघितलं. एकेकाळी त्या कोपऱ्यावर शाळा सुटली की बोरं, चिंचा विकणाऱ्या टोपल्या लागत आणि मुलींचे घोळके हलायचं नावच घेत नसत. राजश्री त्यात कधी नसायची. ती सायकलच्या साखळीत तेल घालत फाटकाशी बसलेली असायची.

डॉक्टर दीप्तींनी डबी पाहिली आणि त्या हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. त्यांनी ती हातात घेतली, उजेडात धरली, आणि विचारलं, जमा कुणी केलं.

"मी," राजश्री म्हणाली.

"कारखान्यात आहात ना तुम्ही? गाडी माल घेऊन जाते, माल उतरवते आणि रिकामी परत येते. परत आलेली गाडी पाहून माल पण परत आला म्हणता का?"

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. वडीचा बराचसा भाग म्हणजे नुसतं मेणासारखं वंगण. औषध त्यात मिसळलेलं असतं. शरीराच्या उष्णतेनं वडी वितळते, औषध आतल्या अस्तरातून शोषलं जातं, आणि उरलेल्या मेणाला राहायला जागा नसते म्हणून ते बाहेर येतं. ते येणारच. वडी आपलं काम करते आहे, याचंच ते एक चिन्ह.

राजश्री तेवढ्यावर थांबणारी नव्हती. "मॅडम, पण गाडीच्या कोपऱ्यात थोडा माल चिकटून राहिलाच असेल तर?"

"राहतो थोडा. ते धरूनच डोस ठरवलेला असतो. म्हणून गळलं म्हणून जास्त वडी ठेवायची नाही, आणि गळतं म्हणून बंदही करायची नाही."

सकाळची राहिली आहे, हे तिनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी शाळेतल्यासारखा झाला. डॉक्टर म्हणाल्या, आता इथेच ठेवून घ्या, संध्याकाळची नेहमीच्या वेळी, दोन एकदम नकोत. ठेवल्यावर थोडा वेळ पडून राहायचं, दिवसभर खाटेवर राहण्याची गरज नाही. कपड्यात पातळ पॅड ठेवायचं, आत काही घालून अडवायचं नाही, आत धुवायचंही नाही. वडी अख्खीच्या अख्खी लगेच बाहेर पडली, किंवा खाज, दुर्गंध, ताप, रक्त, पोटात दुखणं असं काही असलं, तर मात्र फोन करायचा. जबलपूरच्या उन्हात वडी हातातच पाघळते, तेव्हा पाकिटावर लिहिलं आहे तशी थंड जागी ठेवायची.

शेवटी राजश्रीनं विचारायचं ते विचारलं. म्हणजे गर्भ आहे ना.

"ते मी आज सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे मेण पण सांगू शकत नाही. ना हो, ना नाही. तपासणीच्या दिवशी रक्त सांगेल. तोपर्यंत तुमच्या हातात एकच काम आहे, ते सोडू नका."

मला वाटलं होतं ती खचेल. ती उलट सरळ बसली. अजून निकालच लागलेला नाही, हे ऐकूनच तिला श्वास घेता आला असावा. ती आत जाऊन वडी ठेवून आली आणि थोडा वेळ तिथल्या खाटेवर पडून राहिली. मी बाहेर बाकावर डबी घेऊन बसले होते. नर्सनं विचारलं, माताजी, इसमें क्या है. मी म्हटलं, कुछ नहीं, मोम है.

दीक्षितपुऱ्याला तिला पोचवायला गेले तेव्हा वसुधाताई दारातच होत्या. राजश्रीनं त्यांना गाडी आणि माल दोन्ही समजावलं. त्यांनी ऐकलं, तांदळाचं धुवण ठेवलेला गंज, ते उभट पातेलं, उचलला आणि मोरीत ओतला. "मग आधी काहून नाही सांगितलं," एवढंच म्हणाल्या. मला चहा देताना त्या हळूच म्हणाल्या, की आमच्या वेळी असले कपडे आपण साडीखाली झाकून वाळत घालायचो, कुणाला विचारणार होतो. खरं होतं. मीही तसेच वाळत घातले आहेत, परकराखाली, उन्हाची तिरीप लागेल न लागेल अशा बेतानं. त्या काळातलं सगळंच काही मला परत नको आहे.

दुसऱ्या दिवसापासून वसुधाताईंनी एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली महेश्वरी साडी फाडून घड्या करायला घेतल्या. बाजारातलं पॅड उन्हाळ्यात टोचतं म्हणून. हे मला राजश्रीनं फोनवर सांगितलं. तीच साडी नेसलेल्या वसुधाताईंचा, त्यांच्या डोहाळजेवणातला फोटो आहे, भिंतीवर लावलेला.

तपासणीचा निकाल होकारार्थी आला. पण वड्या त्यानंतरही चालूच राहिल्या, तिसरा महिना संपत येईपर्यंत, आणि मेणही शेवटपर्यंत येतच राहिलं. डॉक्टरांनी थांबवा म्हटलं तेव्हाच तिनं थांबवल्या. मधे एकदा रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा तिनं पाच मिनिटांत स्वतः फोन केला. सोनोग्राफीत सगळं ठीक होतं. त्या वर्षी दसऱ्याला ती आली नाही, सोनं अंबरीश घेऊन आला. मुलगी झाली ती डिसेंबरच्या थंडीत. मी भेटायला गेले तेव्हा राजश्री दुपट्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती, पहिली सैल वाटली म्हणून.

आता ती पुन्हा कारखान्यात सकाळच्या पाळीला जाते. मुलगी बोलायला लागली आहे; दिवसभर वसुधाताईंजवळ असते, त्या मराठीत विचारतात आणि ती उत्तर हिंदीतच देते.