दवाखान्यात चढणारं प्रेशर

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, बोरीवलीच्या आमच्या डॉक्टरांकडे माझं प्रेशर १६८/१०२ भरलं. सोबत बायको होती. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजलेल्याची सरासरी मात्र १२४/७८ होती. मला घरचं मशीनच खोटं वाटत होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा तेही माझ्यासारखेच बावन्न वर्षांचे होते. म्हणून त्या दिवशी मी मशीन आणि आकडे लिहिलेली वही पिशवीत घालून नेली होती.

पुन्हा मोजण्याआधी डॉक्टरांनी मला पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. मी सावकाश श्वास सोडत होतो, पण पट्टा आवळला तसे कानात ठोके वाजू लागले.

"अहो, श्वास घ्या तरी," बायको म्हणाली. "डॉक्टर आहेत ते, यमदूत नाहीत."

त्यांच्या यंत्रावर १६२/९८ आलं. थोडं थांबून त्याच दंडावर माझं मशीन लावलं. १६०/९८.

"मशीन बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे घरचे आकडेही खरे. तुमचं प्रेशर इथे आलात की चढतं. आत्ता गोळी नको. पण घरी मोजत राहा आणि तीन महिन्यांनी वही दाखवा."

मी कंपाउंडरला चारशे रुपये फी दिली. मग मशीन आणि वही परत पिशवीत ठेवली.