मल्हार आणि भंडारा

हळदीचा वास आला की मला यवतचे गाण्याचे सर आठवतात. मिया मल्हार रागातला कोमल गंधार संथ झुलवायचा असतो, माझा थरथरायचा. "तू मेंढरंच राख," ते वर्गासमोर म्हणाले. आम्ही धनगर. पुढं देवळात त्यांचं गाणं ठरलं तेव्हा मी आजोबांना सांगितलं, "आबा, सर मल्हार गाणार हायेत." आबांचा मल्हार म्हणजे खंडोबा, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही निषाद घोळवत, ढग दाटावेत तसे सर वरच्या षड्जावर पोचले, आणि "येळकोट येळकोट!" म्हणत आबांनी ओंजळभर भंडारा त्यांच्या उघड्या तोंडावर उधळला. सर खोकत खाली बसले, लोक हसले. "माझं काय चुकलं व्हय?" आबा विचारत राहिले. सर पुन्हा गायले नाहीत. नुसत्या पेटीवर शिकवायचे, आणि पेटीचे सूर ठरलेले, तिच्यावर गंधार झुलत नाही. माझा आता छान झुलतो.